बोरन्हाणाच्या फोटोतली निळी चोखणी

«माझ्या मुलाच्या बोरन्हाणाच्या दिवशी तो बाबांच्या मांडीवर बसलाय, असा एकच नीट फोटो आमच्याकडे आहे. तेव्हा तो सात महिन्यांचा होता. बाबा ऑगस्टमध्ये गेले. वर्षश्राद्धाच्या आधी हा फोटो मोठा करून फ्रेम करायचाय. पण बाळाच्या तोंडात निळी चोखणी आहे आणि हातातल्या खुळखुळ्यामागे बाबांची दोन बोटं झाकली गेली आहेत. भावाच्या लॅपटॉपवर फोटोशॉप आहे, त्याला थोडंफार येतं. सोबत मूळ फोटो आणि बाळाचे आणखी चार फोटो पाठवते आहे. त्यातला मार्चमधला हसरा फोटो मला फार आवडतो. तेच तोंड इथे लावता येईल का?»
– एक मुलगी, नाशिक

ताई, मार्चमधलं तोंड लावू नका. त्या फोटोत बाळाचे खालचे दोन दात दिसतायत. जानेवारीत ते नव्हते, म्हणजे तुमच्या आईच्या लक्षात ही गोष्ट पहिल्यांदा येणार. दात पुसून टाकता येतील, पण खरी अडचण डोळ्यांची आहे. बाळ हसलं की गाल वर चढतात आणि खालच्या पापणीखाली छोटासा फुगवटा येतो. बोरन्हाणाच्या फोटोत तो शांत, जरा पेंगुळलेला आहे, पापण्या निम्म्यावर. या डोळ्यांखाली हसरं तोंड ठेवलं तर कुणाला चूक नेमकी सांगता येणार नाही, पण फोटो परका वाटेल.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. स्टुडिओ सुरू केल्यावर पहिल्याच वर्षी एका गिऱ्हाइकाच्या नातवाच्या तोंडातली बाटली काढून मी तिथे छान हसू बसवलं होतं. कडा, रंग, सगळं जमलं होतं. आजींनी फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाल्या, «हा आपला नाही हो.» मला नवीन प्रिंट फुकट काढून द्यावी लागली.

भावाला आधी एक गोष्ट समजावून सांगा. चोखणीच्या मागे फोटोत काहीच नाही. डाग काढल्यासारखी ती पुसली की खालून ओठ निघतील, असं होत नाही. `Content-Aware Fill` लावून बघायचा मोह त्याला होईलच. ते आजूबाजूची कातडी उचलून भोक बुजवतं, त्यामुळे गालासारखा गुळगुळीत गोळा मिळेल, नाहीतर नाकपुडीचा तुकडा हनुवटीवर येऊन बसेल. ओठ आणायचे तर याच बाळाच्या, याच वयाच्या दुसऱ्या फोटोतून आणायचे. या वयात चेहरा महिन्याभरात बदलतो, म्हणून पंधरा-वीस दिवसांपलीकडचा फोटो मी शक्यतो घेत नाही.

तुम्ही पाठवलेले बाकीचे तीन बघितले. एकात बाळ रडतंय, ते बाद. दुसऱ्यात मान पुरती वळलेली आहे, तेही बाद. बोरन्हाणाच्या दहा दिवस आधीचा बाल्कनीतला फोटो मात्र कामाचा आहे. तोंड सैल, ओठ जरासे विलग, मान समोर, आणि चेहरा मूळ फोटोतल्यापेक्षा मोठा आहे. मोठा असणं फार महत्त्वाचं, कारण मोठा तुकडा लहान केला तर तो टिकतो, लहान तुकडा ताणला की धुरकट होतो.

मान खरंच सारखी आहे का, हे नजरेवर सोडू नका, मोजा. दोन्ही फोटोंत डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांमधलं अंतर मी मोजलं. मूळ फोटोत ते 84 पिक्सेल आलं, बाल्कनीच्या फोटोत 120. म्हणजे तुकडा 70 टक्क्यांवर आणायचा. मग डोळ्यांच्या रेषेपासून नाकाच्या बुडापर्यंतचं उभं अंतर घेतलं. मूळ फोटोत 90, बाल्कनीत 131, म्हणजे जवळजवळ 69 टक्के. आडवं आणि उभं प्रमाण इतकं जवळ आलं की समजायचं मान जुळते आहे. एक 70 आणि दुसरं 60 आलं असतं, तर एका फोटोत मान वाकलेली किंवा वळलेली आहे, आणि तो फोटो ओढूनताणून बसत नाही.

आता प्रकाश. त्यासाठी बाळाच्या बुबुळांतला पांढरा ठिपका बघायचा. बोरन्हाणाच्या फोटोत तो डावीकडे वर आहे, बाल्कनीत उजवीकडे. म्हणून तुकडा आणल्यावर `Edit > Transform > Flip Horizontal` करावं लागेल. चेहऱ्याच्या दोन बाजू कधीच सारख्या नसतात, त्यामुळे अख्खा चेहरा मी कधी उलटा करत नाही. पण इथे 119 पिक्सेलचं तोंड आहे, 12 × 9 इंचांच्या प्रिंटवर ते नऊ-दहा मिलिमीटरचं होईल. तेवढ्यात फरक कळणार नाही. फक्त ओठाशेजारी तीळ किंवा ओरखडा असेल तर तो चुकीच्या बाजूला जाईल, तो आधी काढून घ्या.

प्रत्यक्ष कामात भावाची पहिली चूक होईल ती ही, की तो नुसते ओठ कापून आणेल. मग ते स्टिकरसारखे चिकटवलेले दिसतात. नाकाच्या बुडापासून हनुवटीच्या खालपर्यंत आणि दोन्ही बाजूंना अर्ध्या गालापर्यंत सगळा भाग आणायचा, नव्या लेयरवर ठेवायचा, `Ctrl+T` दाबून 70 टक्के करायचा. नाकाच्या शेंड्यावरून खाली आलेली रेषा वरच्या ओठाच्या मधल्या खाचेतून जाते का, हे बघून तो फिरवायचा. मग `Layer Mask` लावून मऊ ब्रशने नको तो भाग झाकत यायचं. शिवण कुठे येऊ द्यायची, यात खरं कसब आहे. नाकपुडीपासून तोंडाच्या कोपऱ्याकडे उतरणाऱ्या घडीवर ती आणू नका, तिथे नजर लगेच अडते. गालाच्या सपाट भागात ती विरघळते. खालची कड हनुवटीच्या खालच्या सावलीत न्या. तुमच्या फोटोत तर काळं झबलं आहे, त्यावरून वर उजेड येत नसल्यामुळे ती सावली चांगली गडद आहे. आयती सोय झाली.

आता हनुवटी, जिच्याकडे कुणी लक्ष देत नाही. चोखणी तोंडात असते तेव्हा तिच्या रबराच्या मानेमुळे हिरड्या मिटत नाहीत, जबडा तेवढा खाली राहतो. तुमच्या फोटोत चोखणीच्या चकतीखाली हनुवटी दिसते, ती या खाली उतरलेल्या जबड्याची आहे. तिच्यावर घट्ट मिटलेले ओठ ठेवले तर खालच्या ओठापासून हनुवटीपर्यंतचं अंतर जास्त होतं आणि बाळाचा चेहरा चक्क मोठ्या माणसासारखा लांबट दिसतो. मग लोक ओठ खाली सरकवतात, की नाकाखालचं अंतर वाढतं. यावर दोन उपाय. `Edit > Transform > Warp` घेऊन हनुवटी तीन-चार पिक्सेल वर ढकलायची, पण मग खालचा हलव्याचा हारही हलतो. दुसरा उपाय सोपा आहे. ओठ तेवढेच विलग ठेवायचे. बाल्कनीच्या फोटोत ते तसेच आहेत, म्हणून तर तो मला आवडला. मधली फट काळी करू नका. बाळाच्या तोंडातला अंधार गडद तांबूस असतो आणि खालच्या ओठामागे जिभेची ओली कड किंचित दिसते. ती आहे तशी राहू द्या.

रंग जुळवताना ओठांकडे बघायचंच नाही, गालाकडे बघायचं. बोरन्हाण संध्याकाळी झालं, घरात पिवळसर दिवा होता. `Info` पॅनेलमध्ये गालावरचा आकडा मला साधारण R 206, G 158, B 132 दिसला. बाल्कनीच्या सावलीतल्या गालावर तो R 200, G 160, B 150 आहे. म्हणजे आणलेल्या तुकड्यात निळा बराच जास्त आणि लाल थोडा कमी. तुकड्याच्या वर `Curves` लेयर ठेवा, `Ctrl+Alt+G` ने तो फक्त त्याच तुकड्याला बांधा आणि निळ्याची वक्ररेषा मधोमध खाली ओढा, मग लालची थोडी वर. दोन्ही गालांचे आकडे जुळले की ओठ आपोआप जुळतात. ओठ वेगळे गुलाबी करायला गेलात तर बाळाला लिपस्टिक लावल्यासारखं दिसेल, हे मी किती फोटोंत पाहिलंय.

चोखणी मागे दोन खुणा ठेवते. एक म्हणजे चकतीची सावली, गालावर चंद्रकोरीसारखी. दुसरी जास्त लबाड आहे. निळ्या प्लास्टिकवरून उडालेला निळसर रंग नाकाच्या खालच्या बाजूला लागलेला असतो. चोखणी गेली आणि नाक निळसर राहिलं, की बाळाला थंडी वाजल्यासारखं वाटतं. सावली उजळायला दुसरा `Curves` लेयर घ्या आणि त्याचा मास्क फक्त चंद्रकोरीपुरता रंगवा. निळेपणासाठी नवीन लेयर `Color` मोडवर ठेवून शेजारच्या कातडीचा रंग 15 टक्क्यांच्या ब्रशने हळूहळू द्या. तोंडाभोवती चकती दाबून लालसर वळ उठला असेल तर तोही असाच जातो. ओठांच्या कडेजवळ मात्र `Healing Brush` वापरू नका, तो ओठाचा रंग कातडीत ओढतो आणि डाग पडतो. तिथे `Clone Stamp`, लहान आणि मऊ.

शेवटी दाणा. संध्याकाळचा मोबाइलचा फोटो 100 टक्क्यांवर बघितला की कातडीवर बारीक रवाळपणा दिसतो. बाल्कनीचा तुकडा उजेडातला, शिवाय लहान केलेला, म्हणून तो साबणाने धुतल्यासारखा स्वच्छ आहे. `Filter > Noise > Add Noise` मध्ये `Gaussian` आणि `Monochromatic` निवडून 2 टक्क्यांपासून सुरुवात करा. दाणा फार टोकदार वाटला तर अर्ध्या पिक्सेलचा `Gaussian Blur` द्या. आमचे गुरुजी निगेटिव्हवर पेन्सिलने सुरकुत्या बुजवायचे, तेव्हाही त्यांचा हट्ट हाच असायचा की दाणा मोडला तर काम दिसलं.

तोंड झालं. खुळखुळ्याबाबत माझं मत विचाराल तर बाळाच्या मुठीतला खुळखुळा राहू द्या. बोरन्हाणात पोराच्या हातात खुळखुळा असणारच. पण त्याच्या गोल डोक्याने बाबांची तर्जनी आणि मधलं बोट झाकलंय आणि ती तुम्हाला हवीत, हे समजतं. म्हणून करायचं तर कसं, ते सांगतो.

नशीब चांगलं, की खुळखुळ्याची दांडी बारीक आहे. बारीक दांडी धरलेली मूठ आणि रिकामी मूठ यांत फारसा फरक नसतो, त्यामुळे बाळाच्या बोटांना हात लावायची गरज नाही. मुठीच्या वर आणि खाली आलेला दांडीचा भाग काढायचा. खाली फक्त काळं झबलं आहे, ते क्लोन केलं की झालं. वर, अंगठा आणि तर्जनीच्या मधे, दांडी जिथून बाहेर येते तिथे एक भोक उरेल. ते बाळाच्याच तळहाताच्या कडेची कातडी क्लोन करून भरा आणि मग गडद करा, पण इथेही काळं नाही, तांबूस तपकिरी. मिटलेल्या मुठीत कातडीवरून कातडीवर उजेड उसळत राहतो, त्यामुळे ती आतून लाल दिसते. नख काढायच्या भानगडीत पडू नका, या आकारात ते दोन-तीन पिक्सेलचं आहे. आणि सांध्यांवर उंचवटे तर मुळीच काढू नका. बाळसेदार हातावर बोटांच्या मुळाशी उंचवटे नसतात, खळ्या असतात. मोठ्यांच्या हाताची सवय झालेला माणूस हमखास तिथे चुकतो.

बाबांची बोटं हा वेगळा विषय आहे. दुसऱ्या फोटोतून त्यांचाच हात मिळाला, त्याच बाजूचा, साधारण असाच टेकवलेला, तर तो वरच्याच पद्धतीने आणा. प्रमाणासाठी दिसणाऱ्या करंगळीची जाडी दोन्हीकडे मोजा. त्यांच्या हातावरच्या शिरा, डाग, वाकडं नख काही असेल तर ते गुळगुळीत करू नका. वडिलांचे हात मुलीला पाठ असतात. पण तसा फोटो नसेल, तर दुसऱ्या कुणाची बोटं बाबांच्या हाताला लावू नका, आणि आहे तेच बोट दोनदा छापूही नका. त्याऐवजी खुळखुळ्याच्या जागी झबल्याची घडी आणा. काळं कापड क्लोन करायला सगळ्यात सोपं, आणि बोटं बाळाच्या अंगाखाली दुमडली आहेत असं सहज वाटतं. बाळाची मूठ उघडून तिच्यात बाबांचं बोट देता येईल का, असं पूर्वी मला एकाने विचारलं होतं. येतं. मी नाही म्हणालो. त्या दिवशी बाळाने ते बोट धरलं नव्हतं.

खुळखुळ्याऐवजी दुधाची बाटली असती तर मी तुम्हाला इतकं सांगितलंच नसतं. बाटली जाड, तिच्याभोवती दोन्ही हात उचललेले, बोटं फाकलेली. बाटली काढली की ते हात हवेत काहीतरी धरल्यासारखे राहतात, मग हात बदला, बाह्या बदला, शेवटी निम्मं बाळ नवीन होतं. तिथे छातीपासून वर फोटो कापायचा आणि फक्त तोंडाचं काम करायचं, एवढंच शहाणपण.

भावाला काम झेपलं नाही आणि स्टुडिओत द्यायचं ठरलं, तर फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवू नका, त्यात तो लहान होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्हवर न्या. बाल्कनीचा फोटोही सोबत द्या आणि याच्यातलंच तोंड लावायचं असं स्पष्ट सांगा, नाहीतर स्टुडिओतल्या जुन्या साठ्यातलं भलत्याच बाळाचं तोंड येईल. आमच्या धंद्यात हे होतं. बाळाची आणि बाबांची कातडी गुळगुळीत करू नका, हेही आधीच बजावा. काम झाल्यावर प्रिंटबरोबर लेयर असलेली `.psd` फाइल मागून घ्या. मूळ फोटोच्या लेयरला हात लावू नका, असंही सांगा, म्हणजे वरचे सगळे लेयर बंद केले की चोखणीसकट मूळ फोटो त्यात तसाच असतो.

तपासायचं कसं? काम करताना 200 टक्क्यांवर करा, पण निकाल 100 वर आणि त्याहून लहान करून बघा. मग `Image > Image Rotation > Flip Canvas Horizontal` करून एकदा बघा. तासभर त्याच तोंडाकडे बघून नजर मेलेली असते. चित्र उलटं झालं की वाकडेपणा एकदम दिसतो. परत सरळ करायला विसरू नका. एक नेहमीचं अपयश आधीच सांगून ठेवतो. खालच्या ओठावर लाळेची चमक असते, ती डोळ्यांतल्या ठिपक्याच्याच बाजूला हवी. तुकडा उलटा करायला विसरलात तर चमक उजवीकडे राहील आणि बाकी सगळं बरोबर असूनही तोंड चेहऱ्यात बसणार नाही.

मोठी प्रिंट लगेच काढू नका. आधी 4 × 6 ची एक काढा आणि काही न सांगता आईंच्या हातात द्या. त्यांची नजर आधी बाबांकडे गेली तर फ्रेमवाल्याकडे जा. आधी बाळाच्या तोंडाकडे गेली तर भावाला सांगा, `Layer Mask` ची कड अजून मऊ कर आणि ओठांचा रंग आणखी एक पायरी उतरव. फ्रेमवाल्याला द्यायच्या आधी तीच छोटी प्रिंट एकदा दिवसाच्या उजेडात, खिडकीशी बघा. ट्यूबलाइटखाली निळेपणा लपतो.